पांढरी दोन, गुलाबी एक : कंडक्टरच्या मुलीला गुणोत्तर कसं सापडेल

प्रश्न : "कोथरूडला सहावी-सातवीच्या मुलांचे छोटे क्लास घेतो. गुणोत्तर-प्रमाणासाठी एक गोष्ट लिहितोय, बस कंडक्टरची मुलगी तिकिटाचे पैसे मोजता मोजता ते स्वतःच शोधून काढते अशी. पण दरवेळी शेवटी बाबाच सगळं समजावतो आणि गोष्टीचा धडा होतो. मुलीनेच शोधलं असं कसं दाखवायचं?"

बाबाला बोलावं लागतंय कारण तुमच्या गोष्टीत मुलीला गुणोत्तराची गरजच पडत नसणार. अशा गोष्टींत बहुतेक वेळा काय असतं, तिकीट ५ रुपयांचं, ७ जण चढले, किती झाले? ३५. मग १४ जण चढले, ७०. गणिताच्या भाषेत हे समप्रमाण आहेच, पण मुलाला तिथे पाचाच्या पाढ्यापलीकडे काहीच लागत नाही, आणि जे लागतच नाही ते कोणी शोधत नाही. मग लेखक अडकतो आणि बाबाच्या तोंडी "बघ बाळा, याला गुणोत्तर म्हणतात" असं घालतो.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात मराठी शाळेत गणित शिकवतेय, जास्त करून सहावी ते आठवी, आणि ही कंडक्टरच्या मुलीची गोष्ट माझ्या वर्गात इतक्या वेळा सांगून झालीये की तिचं आत्ताचं रूप मुलांनीच घडवलंय म्हणायला हरकत नाही. माझ्या अनुभवात गोष्ट चालायला दोनच गोष्टी लागतात. एक म्हणजे तिकिटं दोन दरांची हवीत, आणि दुसरं म्हणजे मुलीचा एक अंदाज चुकला पाहिजे, आणि तो अशा पद्धतीने चुकला पाहिजे की किती चुकला त्याच्यातच उत्तर लपलेलं असेल. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, त्याच्याशिवाय बाबा गप्प बसूच शकत नाही.

गोष्टीच्या आधी तपशिलाची एक गोष्ट. मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा बाबा संध्याकाळी घरी येतो, पिशवी जमिनीवर उलटी करतो आणि मुलगी नाणी मोजायला बसते असं लिहिलं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, मॅडम, कॅश घरी आणत नाहीत, डेपोत भरावी लागते. त्याचे वडील कंडक्टर होते. बरोबर होतं त्याचं, ड्यूटी संपली की वे-बिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, आणि कॅश डेपोत जमा, आणि कॅश कमी भरली तर ती पदरची घालावी लागते. तेव्हापासून मी मुलीलाच बसमध्ये बसवलं. तुमच्या वर्गात एखादं कंडक्टरचं पोर असेल तर त्याला आधी विचारून घ्या, त्याच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माल असतो.

मशीनच्या तिकिटांऐवजी मी जुन्या कागदी गड्ड्यांचे दिवस घेते. मशीन बेरीज करून देतं, मग मुलीला करायला काही उरत नाही. गड्डीचं तसं नाही, ती डोळ्यासमोर पातळ होत जाते. दर मी सोयीचे धरलेत, जवळचं ५ आणि लांबचं १०. आता गोष्ट, मी सांगते तशीच लिहिते.

सायली सहावीत आहे. शाळेला सुट्टी, आई कामावर, म्हणून ती पप्पांबरोबर बसमध्ये. स्वारगेट ते कात्रज. मागच्या दाराजवळच्या सीटवर ती खिडकीशी बसलीये, मांडीवर वही. पप्पांच्या हातात तिकिटांची पेटी, त्यात दोन गड्ड्या, पांढरी ५ ची आणि गुलाबी १० ची. पद्मावतीपर्यंत उतरणारा पांढरं घेतो, थेट कात्रजला जाणारा गुलाबी.

कात्रजला गाडी रिकामी झाल्यावर पप्पा तिच्या शेजारी बसून वे-बिल लिहितात. ती बघते की ते पैसे आधी मोजतच नाहीत. पांढऱ्या गड्डीवर आत्ता वर दिसणारा नंबर ४१६०, खेप सुरू झाली तेव्हा होता ४१२०, म्हणजे ४० गेली.

"४१ ना पप्पा?" ती बोटं मोजत विचारते.

"वर दिसतंय ते अजून विकलंय का?"

नाही विकलेलं. ४० च. गुलाबी २० गेली. २०० आणि २००, झाले ४००. मग ते पिशवीतले पैसे मोजतात, ४०० भरतात, आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल होतो. सायली विचारते की पैसे बघून कळत नाही का कुठली किती गेली. पप्पा एक दहाची नोट पुढे धरतात, "ही पद्मावतीवाल्याने दिली का कात्रजवाल्याने, सांग बरं." तिला सांगता येत नाही, कारण पद्मावतीवाल्याने दहाची देऊन पाचचं नाणं परत घेतलं असेल.

परतीच्या खेपेत ती डबा खाते. पुढच्या खेपेला स्वारगेटहून निघताना ती ठरवते की यावेळी पप्पांच्या आधी आपण सांगायचं. चढणाऱ्या प्रत्येकाची एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. कुठलं तिकीट फाडलं ते दिसत नाही, गर्दीत पप्पा पार पुढे गेलेत. कात्रजला रेघा भरतात ४५.

ती मनात हिशोब करते. मघाशी ६० जण, ४०० रुपये. आता १५ जण कमी. १५ पाचे ७५. चारशेतून ७५ गेले.

"पप्पा, सव्वातीनशे."

पप्पा नंबर वजा करतात, पैसे मोजतात. "३००."

"परत मोजा."

ते परत मोजतात. तीनशेच. आणि उठून ड्रायव्हरकाकांबरोबर चहाला जातात.

सायली वहीकडे बघत बसते. २५ चा फरक. रेघा तर बरोबर आहेत, तिने दोनदा मोजल्या. मग २५ गेले कुठे? तिने १५ जण वजा केले ते सगळे पाचवाले धरून. पण त्यात एखादा गुलाबीवाला असला तर? तर त्याचे ५ रुपये जास्त कमी होणार. एकाचे ५. आणि चुकले २५. म्हणजे पाच जण गुलाबीवाले होते, जे आलेच नाहीत ते. मग पांढरेवाले १०.

न आलेले १५, त्यात १० पांढरे, ५ गुलाबी. ती ते खाली लिहिते. वर मघाचं लिहिलेलं आहे, ४० पांढरी, २० गुलाबी. दोन्हीकडे ती बराच वेळ बघते. मग दोन आणि एक असं पुटपुटते. जे आले त्यांच्यातही दोनाला एक, आणि जे आले नाहीत त्यांच्यातही दोनाला एक.

पप्पा चहा घेऊन येतात तेव्हा वहीत छोटे छोटे गट काढलेले असतात, प्रत्येकात दोन पोकळ गोल आणि एक भरलेला. तीन माणसं, २० रुपये. साठात असे २० गट, ४००. पंचेचाळीसात १५ गट, ३००.

संध्याकाळच्या खेपेला परत ६० रेघा. ती पप्पांनी विचारायच्या आत सांगते, "चारशे." पप्पा मोजतात. ५००.

यावेळी ती परत मोजा म्हणत नाही. तिला आठवतं की आत्ता पद्मावतीपर्यंत सकाळपेक्षा बरेच कमी लोक उतरले, बाकीचे कामावरून घरी निघालेले, पार कात्रजपर्यंत उभे. १०० जास्त म्हणजे २० पांढऱ्यांचे गुलाबी झाले. ती नवीन गट काढते, एक पोकळ, दोन भरलेले. २५ रुपये.

"सकाळचा गट संध्याकाळी चालत नाही," ती पप्पांना सांगते.

इथे मी थांबते. गोष्टीत गुणोत्तर हा शब्द मी एकदाही येऊ देत नाही, बघा. शब्द गोष्टीनंतर फळ्यावर येतो, २:१ असं लिहून, आणि तोपर्यंत मुलांकडे त्या दोन टिंबांच्या दोन्ही बाजूंना ठेवायला माणसं असतात.

आता आकडे असेच का, ते सांगते, कारण तुम्ही दर बदलायला जाल आणि गोष्ट बिघडेल. सगळ्यात जास्त विचार ४५ या आकड्यावर झालाय. आधी माझ्या गोष्टीत दुसऱ्या खेपेला ३० जण होते, आणि वर्गातली जवळजवळ सगळी मुलं २०० म्हणून मोकळी व्हायची, मला वाटायचं समजलंय. पण निम्मं करणं मुलांना तसंही येतं, जो एरवी वजाबाकीने विचार करतो तोही इथे नुसतं निम्मं करून बरोबर उत्तर देतो, त्यामुळे ३० विचारून काहीच कळत नाही. दुप्पटीचंही तसंच. ४५ हा साठाचा निम्मा नाही, तीन चतुर्थांश आहे, तिथे वजाबाकीवाला आणि गुणोत्तरवाला वेगळे पडतात. तुम्हाला वर्गात कोण कुठे आहे ते बघायचं असेल तर गोष्ट सव्वातीनशेच्या आधी थांबवा आणि सगळ्यांना आकडा वहीत लिहायला लावा. ३२५ लिहिणारे निघतातच, हुशार म्हणवणारेही त्यात असतात, आणि त्यांना चूक म्हणू नका, सायलीनेही तेच लिहिलंय ना, पुढे ऐकू दे त्यांना.

दुसरी एक चूक गोष्टीत घेतली नाहीये पण वर्गात हमखास येते. मुलं म्हणतात, पांढरी गुलाबीपेक्षा २० ने जास्त होती, तर यावेळीही २० ने जास्त असणार. त्यांना अडवू नका, फळ्यावर करायला लावा. ४५ जण, फरक २०, तर पांढरी साडेबत्तीस आणि गुलाबी साडेबारा. अर्धा माणूस बसमध्ये चढल्यावर मूल स्वतःच खडू खाली ठेवतं. अर्थात हे ४५ मुळे होतं, तुम्ही ५० घेतलेत तर फरक २० ठेवून ३५ आणि १५ असे छान पूर्ण आकडे येतात आणि चूक लपते.

तिसरी खेप बरेच जण गाळायला सांगतात, गोष्ट लांबते म्हणून. मी गाळत नाही. ती नसेल तर मुलांच्या डोक्यात एवढंच राहतं की माणसं आणि पैसे नेहमी एकाच प्रमाणात कमी-जास्त होतात. ते खरं नाही, लांबच्या आणि जवळच्या प्रवाशांचं एकमेकांशी असलेलं नातं तेच राहिलं तरच ६०:४५ म्हणजे ४००:३००. ते बदललं की ६० माणसांतही ४०० चे ५०० होतात. पुस्तकातल्या उदाहरणांत ही अट गृहीत धरलेली असते, उघड लिहिलेली नसते, आणि मुलांना ती दिसायला एक खेप खर्च झाली तर होऊ दे.

वेळ असेल तर सकाळच्या गटावरून अजून एक प्रश्न विचारता येतो. माणसं दोनास एक, मग पैसे कसे? मुलं पटकन दोनास एक म्हणतात. गट काढून बघायला सांगा, दोन पोकळ गोलांचे १० आणि एका भरलेल्याचे १०. माणसं २:१ पण पैसे १:१. संध्याकाळच्या गटात माणसं १:२ आणि पैसे १:४. कशाचं कशाशी गुणोत्तर हे बोलल्याशिवाय नुसते आकडे निरर्थक आहेत, हे मला दुसऱ्या कुठल्या उदाहरणातून इतक्या पटकन दाखवता आलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. बस म्हटलं की मुलं आपणहून अंतर आणि भाड्यावर जातात, आणि तुम्हीही उत्साहात "दुप्पट अंतर, दुप्पट भाडं" असं लिहून जाल. पीएमपीचे १ जून २०२५ पासूनचे दर बघा, पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, त्याच्या पुढे १० किलोमीटरपर्यंत २०, मग १५ पर्यंत ३०. आता ४ किलोमीटरला १० आणि ८ किलोमीटरला २०, वाटतं की समप्रमाण आहे. पण ६ किलोमीटरलाही २० च आणि १० लाही २० च. भाडं पायऱ्यांनी चढतं, अंतरासारखं सरळ नाही. म्हणून मी गोष्टीत किलोमीटर येऊच दिले नाहीत. सातवीला समप्रमाण झाल्यावर हाच तक्ता देऊन "हे समप्रमाण आहे का" असा वेगळा तास घ्या, पण सायलीच्या गोष्टीत ते मिसळू नका, दोन्ही अर्धवट राहतात.

हे सगळं किती आणि कसं सांगायचं ते तुमच्या मुलांवर आहे. सहावीच्या सुरुवातीला, अपूर्णांक अजून डळमळीत असतील तर पहिल्या दोन खेपा पुरेत आणि गोल काढू द्या, तीन चतुर्थांश वगैरे म्हणू नका. सातवीची मुलं एकमान पद्धत शिकलेली असतात, ती लगेच एका माणसाचे किती म्हणून ४०० ला ६० ने भागायला जातात आणि ६ रुपये ६६ पैशांवर अडकतात. तिथे त्यांना विचारा, ६ रुपये ६६ पैशांचं तिकीट कुठल्या रंगाचं? एकटा माणूस इथे एकक होऊच शकत नाही, तिघांचा गट हेच एकक आहे, हे त्यांना गोष्टीतल्या गोलांवरून कळतं. बसने न फिरणारी मुलं असतील, कोथरूडला असतीलही, तर गोष्टीआधी पाच मिनिटं दोन रंगांचे कागद कापून गड्ड्या करा आणि एका मुलाला कंडक्टर करा, नंबर घालून. वर दिसणाऱ्या नंबराचं तिकीट विकलेलं नसतं ही गंमत हातात गड्डी असल्याशिवाय पटत नाही.

बाबाचं काय करायचं, तर त्याला त्याचं काम करू द्या. माझ्या गोष्टीत पप्पा मोजतात, एक-दोन उलटे प्रश्न विचारतात जे कुठलाही कंडक्टर विचारेल, आणि नेमक्या वेळी चहाला जातात. तो चहा मुद्दाम आहे. शोध लागताना मोठं माणूस शेजारी असलं की मुलं त्याच्या तोंडाकडे बघतात, गोष्टीतलीही आणि वर्गातलीही. "३००" एवढं सांगून त्याला खाली उतरवा. आणि मुलीला रेघा बरोबर असल्याची खात्री करू द्या, नाहीतर ऐकणारी मुलं म्हणतात तिचं मोजणंच चुकलं असेल, आणि २५ रुपयांचा मुद्दा तिथेच संपतो.

गोष्ट झाल्यावर मी फळ्यावर एकच गणित देते. सकाळसारखीच खेप, दोनाला एक, पण माणसं ५०. सातवीवाले तिरकस गुणाकार करून ४०० × ५० ÷ ६० करतात आणि ३३३ रुपये ३३ पैसे लिहून वही वर करतात. सहावीवाले गोल काढत बसतात, १६ गट होतात, ३२०, आणि दोन माणसं उरतात. ती दोन्ही पांढरी असतील तर ३३०, एक पांढरा एक गुलाबी असेल तर ३३५. पाच आणि दहाच्या तिकिटांत ३३३ रुपये ३३ पैसे कसे जमणार, यावर मागच्या वर्षी दोन्ही बाजूंच्या मुलांमध्ये तास संपेपर्यंत चाललं होतं, आणि शेवटी एक मुलगी म्हणाली की ५० माणसं असतील तर बरोबर दोनाला एक होऊच शकत नाही, साधारण दोनाला एक होईल. मी ते तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे गेलो.